काळ्या दगडाच्या जुन्या भिंतीवरचे रंग आणि पोस्टरं: काढल्यावरही डाग परत का उमटतात?

कोल्हापूरच्या पेठांमधल्या जुन्या दगडी घरांच्या दुरुस्तीची कामं मी करतो. त्यात दरवर्षी ठरलेलं एक काम असतं. रस्त्याकडेच्या भिंतीवर गणपतीत, निवडणुकीत आणि फुटबॉलच्या हंगामात जे काही चिकटवलं जातं, रंगवलं जातं, ते काढायचं. त्यातही निम्म्या वेळा कुणीतरी आधीच काढून झालेलं असतं आणि तक्रार असते ती काढल्यानंतर जे उरलं त्याची. म्हणून आधी तक्रारी सांगतो. तुमची यातली कोणती, ते बघा.

लक्षणं

- पोस्टर निघालं, भिंत धुतली, स्वच्छ दिसली. जूनमध्ये पाऊस लागला आणि पोस्टरच्या मापाचा काळसर-हिरवट चौकोन परत उमटला.
- अक्षरं पुसली गेली, पण भिंत वाळली की त्यांची फिकट सावली दिसते. ओल्या भिंतीवर दिसत नाही.
- डाग गेला, पण घासलेली जागा बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ राखाडी झाली. आता पोस्टरपेक्षा ती जागाच जास्त डोळ्यात भरते.
- काही आठवड्यांनी दगडावर किंवा सांध्यांच्या कडेला पांढरी भुकटी येते. पुसली तरी परत येते.
- सांध्यांतला चुना नखानं उकरला तरी पडतो. आधी पडत नव्हता.

पहिल्या तक्रारीचं मूळ म्हणजे पोस्टर चिकटवायची मैद्याची खळ. पोस्टर गेलं तरी खळ दगडाच्या खळग्यांत बसून राहिली, आणि पावसाळ्यात त्या पिठावर बुरशी वाढली. दुसरीत रंग पातळ करून पुसताना तो दगडात आणखी आत ढकलला गेला. तिसरीत रंगाबरोबर दगडाचा वरचा थर गेला. चौथी आणि पाचवी बहुतेक वेळा ॲसिड, कॉस्टिक सोडा किंवा जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याची देणगी असते. पहिल्या दोन तक्रारी दुरुस्त होतात. तिसरीवर काळच काय तो उपाय. शेवटच्या दोन वाढत जातात, त्यामुळे तिथं स्वतः काही करत न बसता लगेच जाणकाराला बोलवा.

जपायचं काय, ते आधी कळलं पाहिजे

आपल्याकडचा काळा दगड म्हणजे दख्खनच्या पठाराचा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो घट्ट आणि टणक असतो, म्हणून लोकांना वाटतं की त्याला काहीही लावा, काही होत नाही. आतला दगड टणक आहे हे खरं. पण या दगडात लोह भरपूर असतं. शंभरएक वर्षं ऊनपावसात राहिला की वरचा पातळ थर हवेतल्या प्राणवायूनं आणि पाण्यानं बदलतो, थोडा तपकिरी, थोडा खरखरीत होतो. त्यावर पाथरवटाच्या टाकीचे घाव असतात, कुठं दगडफुलाचे करडे ठिपके असतात, लाव्ह्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी झालेले बारीक खळगे असतात. भिंत जुनी दिसते ती या थरामुळं. तारेच्या ब्रशनं तो पाच मिनिटांत जातो, आणि खालचा ताजा राखाडी दगड पुन्हा तसा व्हायला कित्येक दशकं लागतात.

दुसरी गोष्ट, दोन दगडांमधला चुना. चुन्याच्या घाण्यात मळलेला जुना चुना दगडापेक्षा कितीतरी मऊ असतो आणि भिंतीतली ओल बाहेर पडण्याची ती मुख्य वाट असते. ॲसिड दगडाला लगेच खात नाही, पण चुन्याला फेसाळत खातं. शिवाय दगडातलं लोह मोकळं करून पिवळट-तांबूस ओघळ सोडतं. हे ओघळ मूळ रंगापेक्षा काढायला अवघड असतात.

कामावर आलेला पोरगा दर वेळी हेच म्हणतो, "ॲसिड मारूया की दादा, पाच मिनटात जातंय." जातंय खरं. सोबत सांधाही जातोय.

पहिली तपासणी, फुकटातली: भिंत कुणाची आणि कसली?

भिंत संरक्षित वास्तूची असेल तर स्वतः पाण्याची बादलीसुद्धा उचलू नका. पन्हाळ्याची तटबंदी, खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर अशा ठिकाणी चांगल्या हेतूनं घासलेला दगडही कायद्यानं नुकसानच ठरतो. तिथं पुरातत्त्व खात्याला कळवायचं आणि फोटो द्यायचे, एवढंच आपलं काम. देवळाच्या आवाराची किंवा ट्रस्टची भिंत असेल तर लेखी परवानगी घ्या. स्वतःच्या घराची असेल तर पुढं वाचा.

मग दगड ओळखा. तांबूस, छिद्राछिद्राचा, नखानं कण निघणारा असेल तर तो जांभा. जांभा पाणी पितो, रंगही पितो आणि ब्रशनं झडतो. जांभ्यावरचं पोस्टर खाली सांगितलेल्या ओल्या फडक्यानं काढा, पण ब्रश चालवू नका. जांभ्यावर रंग असेल तर थेट शेवटच्या भागाकडं वळा. यापुढचं सगळं काळ्या दगडाचं आहे.

आता वाळलेल्या भिंतीवर संध्याकाळी टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, आडवा प्रकाश टाकून बघा. समोरून न दिसणारे पापुद्रे, फुगवटे आणि टाकीचे घाव या प्रकाशात सावल्यांसकट दिसतात. फोटो काढून ठेवा. काम झाल्यावर याच कोनातून दुसरा फोटो काढायचा आहे. घाव पुसट झाले का, हे सांगायला तेवढा एकच पुरावा असतो. मग बोटाच्या पेरानं सगळीकडं हलकं ठोकून बघा. कुठं पोकळ, बदबद आवाज आला तर दगडाचा पापुद्रा मागून सुटलेला आहे. त्या जागेवर खडूनं गोल करा आणि तिथं काहीच करू नका.

दुसरी तपासणी: वरच्या थरात काय आहे?

लोक पोस्टर बघतात आणि पोस्टरच काढतात. आमच्या पेठांतल्या भिंतींवर सहसा थर असतात. वर नवं पोस्टर, खाली जुनं, त्याखाली क्लासच्या जाहिरातीचा स्टिकर, आणि सगळ्यात खाली कधीकाळी ऑइल पेंटनं लिहिलेलं मंडळाचं नाव. प्रत्येकाला वेगळं औषध लागतं. म्हणून एका कडेला हातभर जागा निवडून वरून खाली काय काय येतं ते बघायचं. हा नमुना भिंतीच्या कोपऱ्यात, गुडघ्याच्या खाली घ्यायचा. बिघडला तर दिसणार नाही अशी जागा हवी.

नमुन्याचा निकाल ओल्या भिंतीवर द्यायचा नाही. ओला बसाल्ट काळाभोर दिसतो आणि त्यात सगळं लपतं, सावलीही आणि ओरखडाही. एक दिवस पूर्ण वाळू द्या, मगच ठरवा. घाईत असलेली माणसं नेमकी इथंच फसतात. संध्याकाळी भिंत एकदम झकास दिसते, दुसऱ्या दिवशी दुपारी मालकाचा फोन येतो.

तिसरी पायरी: कागद आणि खळ

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वेळा पुरणारी पायरी हीच. साहित्य म्हणजे जुनी सुती धोतरं किंवा चादरी, कोमट पाणी, प्लास्टिकचा कागद, बांबूची चपटी पट्टी आणि मऊ नायलॉनचा ब्रश. लोखंडी पट्टी आणि तारेचा ब्रश घरीच ठेवा. बसाल्टवर लोखंडाचा ओरखडा पांढुरका उठतो, आणि खळग्यांत अडकलेले तारेचे कण पुढं गंजून तांबडे ठिपके पडतात.

फडकं हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात भिजवा, थोडं पिळा, पोस्टरवर चिकटवा आणि वरून प्लास्टिक लावा. प्लास्टिक नसेल तर ऊन आणि वारा पाच मिनिटांत पाणी उडवतात आणि खळ फुगायच्या आत वाळते. पाऊण तास ठेवा. चकचकीत लॅमिनेशन असलेल्या पोस्टरला पाणी आत शिरत नाही. त्याचा वरचा पापुद्रा आधी सोलून घ्या किंवा चिरा देऊन घ्या, पण चिरा कागदापुरत्याच. ब्लेड दगडापर्यंत जाता कामा नये.

फडकं काढून वरच्या कोपऱ्यातून सुरू करा. कागद भिंतीपासून सरळ बाहेर ओढायचा नाही. स्वतःवरच दुमडत, भिंतीला जवळजवळ समांतर खाली आणायचा. सरळ ओढला तर सगळा जोर एका रेषेवर येतो आणि सुटू पाहणारा दगडाचा पापुद्रा कागदासोबत निघतो. उलटलेल्या कागदाच्या पाठीवर लक्ष ठेवा. तिथं खळीचा पिवळट पांढरा थर दिसला तर ठीक. बोटाला खरखरीत, करडे-तपकिरी कण लागले तर दगड निघतोय. थांबा, परत भिजवा, दुप्पट वेळ द्या. तरीही कण आले तर तिथं हाताचं काम संपलं.

कागद निघाला म्हणजे काम झालं असं समजू नका. पावसात परत उमटणाऱ्या चौकोनाचा जन्म इथंच होतो. मैद्याची खळ कागदाबरोबर जेमतेम निम्मी येते. बाकीची पारदर्शक होऊन दगडाच्या खळग्यांत राहते आणि ओल्या भिंतीवर दिसत नाही. परत कोमट पाण्याची फडकी लावा, वीस मिनिटं ठेवा, ब्रशनं गोलगोल हलकं फिरवा आणि स्वच्छ पाण्यानं वरून खाली धुऊन घ्या. पाणी मगानं सोडा. प्रेशर वॉशरचं पाणी सांध्यातून आत शिरतं आणि घराच्या आतल्या भिंतीवर ओल म्हणून बाहेर येतं. साबण हवाच असेल तर दहा लिटरच्या बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा पुरे. कपड्याची पावडर नको. तिच्यात सोडा असतो, तो दगडात राहतो आणि पुढं पांढरी भुकटी होऊन वर येतो.

खळ गेली का, हे बघायची खात्रीची युक्ती औषधाच्या दुकानात मिळते. जखमेवर लावायचं आयोडीनचं तांबडं औषध आणून त्यात दुप्पट पाणी घाला. धुतलेल्या जागेवर ओल्या कापसाचा बोळा जोर देऊन फिरवा आणि मग बोळ्यावर त्या पाण्याचे दोन थेंब टाका. बोळा पिवळा-तपकिरी राहिला तर पीठ गेलं. निळा-जांभळा, अगदी शाईसारखा झाला तर खळ अजून आहे, पुन्हा फडकी. थेंब भिंतीवर टाकू नका, उगाच डाग. आणि पोस्टरच्या कागदावरही ही परीक्षा करू नका. बऱ्याच कागदांत बनवतानाच स्टार्च असतो, त्यामुळं कागद खळीशिवायही निळा होतो.

खळ नसून पांढरा लाकडाचा गम वापरला असेल तर ओळख सोपी आहे. भिजल्यावर तो दुधाळ पांढरा होतो आणि बोटाखाली रबरासारख्या वळ्या होतात. त्याला जास्त वेळ भिजवा, वळ्या करूनच काढा. उरलेली पुटं ॲसिटोनच्या बोळ्यानं टिपून घ्या, कसं ते पुढच्या पायरीत आहे. स्टिकरला केस वाळवायच्या ड्रायरची ऊब द्या आणि सोला. रॉकेल मात्र कुणी सुचवलं तरी नको. गोंद सुटतो, पण तेलकट डाग दगडात मुरतो आणि त्यावर धूळ बसत राहते.

चौथी पायरी: रंग कोणता, हे बोळ्याला विचारा

रंग काढायच्या आधी तो ओळखायचा. पांढऱ्या कापसाचे बोळे घ्या आणि नखाएवढ्या जागेवर, सौम्यापासून तीव्राकडं जात, दहा-दहा सेकंद दाबून धरा. घासायचं नाही.

पहिला बोळा पाण्याचा. त्यावर रंग आला तर गेरू, साधा डिस्टेंपर किंवा पाण्यातला रंग आहे. कोमट पाणी आणि ब्रश यावर काम भागतं. दुसरा बोळा सर्जिकल स्पिरिटचा. बहुतेक मार्कर इथं सुटतात. तिसरा ॲसिटोनचा. स्प्रेच्या डब्याचा बराचसा रंग, विशेषतः ताजा असेल तर, याला उतरतो. तिन्ही बोळे पांढरेच राहिले तर तो जुना ऑइल पेंट आहे. तो वाळताना त्याचे रेणू एकमेकांत गुंततात, नुसत्या द्रावकात विरघळत नाहीत. त्याला आधी फुगवावं लागतं.

पांढरी अक्षरं असतील आणि बोळ्यावर फक्त खडूसारखी पूड आली तर ती चुन्याची आहेत. चुना वाळून पुन्हा चुनखडीच होतो, त्याला विरघळवणारं प्रत्येक ॲसिड शेजारच्या सांध्यालाही विरघळवतं. ती अक्षरं कोरडी असताना बांबूच्या पट्टीनं जितकी निघतील तितकी काढायची, उरलेली पावसावर सोडायची. आमच्याकडच्या पावसानं असली अक्षरं मी पातळ होत जाताना पाहिली आहेत.

पाचवी पायरी: लेप

सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे. थिनरमध्ये फडकं बुडवून अक्षर घासलं की रंग पातळ होतो, पसरतो आणि खळग्यांत उतरतो. अक्षर गेलं असं वाटतं. खरं तर ते आत गेलं. सावली राहते ती त्याची. विरघळलेला रंग बाहेर, कापसाकडं यायला हवा. त्यासाठी द्रावक भिंतीवर वाहू न देता लेपात धरून ठेवावं लागतं.

आधी अक्षराच्या खालची भिंत पाण्यानं ओली करा. म्हणजे वरून आलेला रंगाचा ओघळ तिथं मुरणार नाही, पाण्यावरून खाली जाईल आणि टिपता येईल. मग पांढऱ्या टिश्यू पेपरचे चार-पाच पदर ॲसिटोनमध्ये भिजवून, ठिबकणार नाहीत इतके पिळून, फक्त अक्षरावर दाबून बसवा. वर प्लास्टिक, कडा बोटानं दाबून बंद. दहा मिनिटांनी, टिश्यू ओलाच असताना उचला. वाळू दिला तर रंग पुन्हा दगडावरच बसतो. खाली जे मऊ झालंय ते नव्या बोळ्यानं कडेकडून मधे टिपत आणा. बोळा एकदा वापरला की टाकायचा. बोळ्यावरचा रंग पुन्हा भिंतीला लावण्यात काही अर्थ नाही.

जुन्या ऑइल पेंटला दुकानात मिळणारा, पाण्यानं धुता येणारा जाड जेल पेंट रिमूव्हर लागतो. डब्यावर दोन गोष्टी वाचा. कॉस्टिक किंवा अल्कली असेल तर नको, ती मिठं दगडात राहतात. मिथिलीन क्लोराइड असेल तरी नको, ते फुप्फुसांना आणि काळजाला घातक आहे. जेल ब्रशनं जाड लावा, प्लास्टिक लावा, डब्यावर सांगितलेला वेळ द्या. रंगाला सुरकुत्या पडल्या की बांबूच्या पट्टीनं उचला आणि टाकीच्या घावांतला रंग दातांच्या मऊ ब्रशनं काढा. ब्रश घावाच्या दिशेनं चालवायचा, आडवा नाही.

हातात ब्यूटाइल रबराचे मोजे हवेत, नायट्राइलचे मोजे ॲसिटोनमध्ये फुगतात. नाकाला कार्बनची डबी असलेला मास्क हवा. कापडी मास्कनं वास थांबत नाही. ॲसिटोन पेट घेतो, तेव्हा बोळात कुणाची बिडी, तुळशीतला दिवा, वेल्डिंग, काही नको. वापरलेले बोळे पाणी घातलेल्या झाकणाच्या डब्यात टाका. आणि हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, सकाळी सावलीत करा. एप्रिलमध्ये काळा दगड इतका तापतो की द्रावक लेपात टिकतच नाही.

एका भिंतीचं उदाहरण

शिवाजी पेठेतल्या एका जुन्या घराची बोळाकडची भिंत. तक्रार पहिल्या प्रकारची होती. दर पावसाळ्यात दोन मोठे काळे चौकोन येत. मालकीणबाई म्हणाल्या, "भिंतीत ओल आहे, पेंटरनं सांगितलंय, वॉटरप्रूफिंग मारून घ्या." पण ओल चौकोनी कडांची नसते. आतून भिंत कोरडी होती. चौकोनात ओला बोळा फिरवून आयोडीन टाकलं, बोळा गडद जांभळा झाला. कागद केव्हाच निघाला होता, खळ तशीच होती.

कोमट फडक्यांच्या चार फेऱ्या लागल्या. तिसऱ्या फेरीनंतर बोळा फिक्कट निळसर होता, चौथ्यानंतर तपकिरी राहिला. बुरशीचा काळेपणा बराच त्या पाण्याबरोबरच गेला. उरलेल्याला ब्लीच मारू दिलं नाही, कारण त्याचंही मीठच मागं राहतं. भिंत वाळल्यावर एका चौकोनाखालून निळ्या ऑइल पेंटची दोन अक्षरं वर आली, ती आधी बुरशीखाली झाकली गेली होती. त्यांना जेल लावला. पहिलं अक्षर दोन लेपांत जवळजवळ पूर्ण गेलं. दुसऱ्याच्या अर्ध्या भागात दगड बुडबुड्यांच्या खळग्यांनी भरलेला होता आणि प्रत्येक खळग्याच्या तळाशी निळा ठिपका राहिला. ते ठिपके सुईनं काढता आले असते, पण खळग्यांच्या कडा तुटल्या असत्या. हातभर अंतरावरून ते दिसत नाहीत. तिथंच थांबलो. वॉटरप्रूफिंगचे पैसे वाचले, त्यातून सांधे चुन्यानं भरून घेतले.

त्याच भिंतीवर तिसऱ्या जागी पूर्वी कुणीतरी ग्राइंडर चालवला होता. तो गुळगुळीत राखाडी पट्टा आजही आहे. त्याच्यासाठी कुणी उरलेली भिंत तशीच घासून "एकसारखी" करायला सांगेल, तर ऐकू नका. उलट, अशा उजळ जागेच्या कडा मऊ ब्रशनं आणि पाण्यानं थोड्या आजूबाजूला मिसळल्या, चौकोनाची सरळ रेघ मोडली, की डोळा तिथं अडकत नाही. बाकी धूळ आणि पावसावर सोपवायचं.

परत चिकटवू नयेत म्हणून

पारदर्शक कोटिंग मारून घ्या म्हणणारे भेटतील. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिलिकॉन किंवा ॲक्रिलिकचं कोटिंग मारलं की आतली ओल कोटिंगच्या मागं अडते, तिच्यातली मिठं तिथंच साठतात आणि काही वर्षांत दगडाचा वरचा पापुद्राच फुगून सुटतो. धुऊन काढता येणारं, मेणासारखं संरक्षण असतं, पण ते जाणकाराच्या हातानंच लावावं.

1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे, तक्रार करता येते. पेठेत त्यापेक्षा चालतं ते म्हणजे तालमीतल्या पोरांशी बोलणं आणि भिंतीपासून दूर, चौकात एक फळा उभा करून देणं. आणि नवा स्प्रे दिसला की त्याच आठवड्यात काढा. ताजा रंग ॲसिटोनच्या एका-दोन लेपांत येतो. दोन उन्हाळे खाल्लेला रंग चार लेपांनीही धड निघत नाही.

इथं थांबा, जाणकाराला बोलवा

खालीलपैकी एकही गोष्ट दिसली तर हात धुऊन मोकळे व्हा. पांढऱ्या फडक्यावर किंवा कागदाच्या पाठीवर दगडाचे कण येत आहेत. ठोकल्यावर पोकळ आवाज येतो. डागाखाली कोरीव काम, शिलालेख किंवा जुन्या रंगकामाचा मागमूस आहे, कारण खालचा रंग कदाचित वरच्यापेक्षा मोलाचा असेल. दोन लेपांनंतर सावलीत काहीच फरक नाही. पांढरी भुकटी आधीच येत आहे. किंवा काम शिडीवर उभं राहून, द्रावक डोक्याच्या वर धरून करावं लागणार आहे.

जाणकार म्हणजे भिंती धुणारी एजन्सी नव्हे. जुन्या दगडी वास्तूंच्या जतनाचं काम केलेला वास्तुविशारद किंवा संवर्धक हवा. त्यांच्याकडं मिठं ओढून घेणारे लेप असतात, कमी दाबाची दीडशे अंशांच्या आसपासची वाफ असते, कधी लेझरही. त्यांना एकच विचारा: आधी वीतभर जागेवर नमुना करून, वाळवून, आडव्या टॉर्चमध्ये दाखवाल का? हो म्हणाले तर पुढं बोला. "त्याची काय गरज, माणूस पाठवतो, दुपारपर्यंत भिंत नवी करून देतो" असं उत्तर आलं तर त्यांना भिंत नवी नको आहे एवढंच सांगा आणि पुढचा नंबर लावा.